दहा वर्षांच्या तक्त्यात बंद पडलेले फंड परत बसवताना: कामाच्या नोंदी

३ जून

मैत्रिणीने एक तक्ता पाठवला. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या फंडांची दहा वर्षांची क्रमवारी. एकूण २४ फंड, त्यातले १३ निर्देशांकाच्या पुढे. खाली तिची एकच ओळ: "माझा फंड यात कुठेच दिसत नाही गं, आणि मी तर दहा वर्षांत एकदाही पैसे काढलेले नाहीत."

फोनवर बोलल्यावर उलगडा झाला. तिने घेतलेला फंड मध्येच त्याच कंपनीच्या दुसऱ्या फंडात विलीन झाला होता. तिच्या खात्यात आता त्या दुसऱ्या फंडाचे युनिट आहेत. तो फंड तक्त्यात चांगला वर आहे. त्याच्यासमोर जो दहा वर्षांचा परतावा छापलाय, तो तिला मिळालेला नाही. तिला जो मिळाला, तो तक्त्यात कुणाच्याच नावासमोर नाही.

म्हणून ठरवलं की तक्ता उलट्या बाजूने बांधायचा. आज जिवंत असलेले फंड घेऊन मागे बघायचं नाही. दहा वर्षांपूर्वीची यादी घ्यायची आणि त्यातल्या प्रत्येक फंडाचं पुढे काय झालं ते शोधायचं. हेच काम कुणाला आपल्या यादीवर करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतेय. फंडांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, क्रमांक दिलेत.

४ जून

दहा वर्षांपूर्वीचा तक्ता मिळवण्यात अख्खा दिवस गेला. चालू तक्त्यात मागची तारीख टाकली तरी जुनी यादी येत नाही, आजच्याच फंडांचे जुने आकडे येतात. फक्त टिकलेलेच मोजले जाण्याचा बायस इथेच घुसतो. तक्ता बनवणारं यंत्र आधी विचारतं, "आज कोणते फंड चालू आहेत?" आणि मग विचारतं, "त्यांचा दहा वर्षांचा परतावा किती?" बंद फंड पहिल्याच प्रश्नाला गळतो. कुणी हात लावून ती ओळ पुसलेली नसते. त्यामुळेच तक्त्यात काही खटकत नाही: प्रत्येक आकडा खरा असतो आणि यादी मात्र अपुरी असते.

शेवटी त्या काळात छापलेला, नंतर कुणी न बदललेला तक्ता मिळाला. ४६ ओळी. एकाच फंडाचे वेगवेगळ्या खर्चाचे वर्ग वेगळ्या ओळीत होते. ते एकत्र केल्यावर ४० फंड उरले. वर्ग एकत्र करणं टाळू नका. बंद झालेल्या फंडाचे तीन वर्ग असले तर एक मृत्यू तीनदा मोजला जातो.

६ जून

जुनी यादी आणि नवी यादी नावावरून जुळवली. ४० पैकी फक्त १७ जुळले, म्हणजे २३ गायब. आकडा बघून धक्का बसला आणि घाईने मैत्रिणीला कळवूनही टाकला. ते चुकलं.

संध्याकाळी एकेक नाव तपासलं. सात फंडांचं नुसतं नाव बदललं होतं. कंपनी विकली गेली, नवा मालक आला, नावाचा पुढचा भाग बदलला. फंड तोच, खाती तीच. आणखी दोन फंड जिवंत होते, पण त्यांचा प्रकार बदलल्यामुळे ते दुसऱ्या तक्त्यात गेले होते. खरे गेलेले १४. त्यातले ११ विलीन झाले आणि ३ बंद करून पैसे परत दिले गेले.

नावावर विसंबू नका. नियामकाकडे नोंदलेला फंडाचा कायमचा क्रमांक वापरा. तो नाव बदललं तरी बदलत नाही. क्रमांक मिळेना तर विलीनीकरणाची सूचना शोधा; तिच्यात कोणता फंड कोणत्या फंडात आणि कोणत्या तारखेला गेला हे स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या १४ फंडांसाठी या सूचना शोधायला तीन संध्याकाळी लागल्या, आणि या कामात दुसरं काहीही यापेक्षा जास्त मोलाचं नव्हतं.

१० जून

बंद फंडांच्या मासिक एनएव्ही, म्हणजे एका युनिटच्या किमती, गोळा झाल्या. काही जुन्या फायलींमधून, काही वार्षिक अहवालांमधून हाताने उतरवलेल्या. सगळं एका मोठ्या तक्त्यात ठेवलं: प्रत्येक फंडाचा एक स्तंभ, प्रत्येक महिन्याची एक ओळ. ४० फंडांचा सरासरी परतावा काढला, तो आला वर्षाला ८.२ टक्के. मैत्रिणीने पाठवलेल्या छापील तक्त्यातल्या २४ फंडांची सरासरी ८.३. इतका थोडा फरक बघून वाटलं, मैत्रिणीचा फंड अपवाद असेल आणि आपण उगाच एवढा खटाटोप केला.

रात्री हिशेबाचा पायथन कोड पुन्हा वाचला. डेटा स्वच्छ करताना सवयीने ही ओळ टाकली होती:

```python
nav = nav.dropna(axis=1)
```

ज्या स्तंभात एकही महिना रिकामा आहे तो अख्खा स्तंभ ही ओळ टाकून देते. बंद झालेल्या प्रत्येक फंडाचे शेवटचे महिने रिकामे असणारच. म्हणजे तीन संध्याकाळी घालवून शोधलेले १४ फंड मी एका ओळीत पुन्हा पुसले होते. ८.२ ही सरासरी २६ जिवंत फंडांची होती: तक्त्यातले २४ आणि प्रकार बदललेले २.

ही चूक कशी ओळखायची? प्रत्येक पायरीनंतर स्तंभ मोजा. ४० चे २६ झाले हे तिथेच दिसलं असतं. दोन याद्या जोडताना `how="inner"` वापरलं तरी हेच होतं. `how="left"` वापरून जुनी यादी डावीकडे ठेवायची, म्हणजे कुणी गळत नाही.

११ जून

`dropna` काढलं. मग प्रत्येक फंडाचा त्याच्या आयुष्यापुरता वार्षिक परतावा काढून सरासरी घेतली. आकडा एकदम खाली कोसळला. पुन्हा शंका आली, कारण एवढा मोठा फरक मला खरा वाटेना.

फंड ३३ मुळे घोळ होता. तो सातव्याच महिन्यात विलीन झाला आणि त्या सात महिन्यांत बाजार पडत होता. त्याचा सात महिन्यांचा परतावा उणे १४ टक्के. तो वार्षिक केला की जवळपास उणे २३ टक्के होतो. असा सात महिन्यांचा आकडा दहा वर्षांच्या आकड्याशेजारी समान वजनाने बसवणं चुकीचं आहे. पडत्या बाजारात मेलेला फंड वाजवीपेक्षा वाईट दिसतो आणि चढत्या बाजारात मेलेला वाजवीपेक्षा चांगला.

बरोबर रीत साधी आहे. दर महिन्याला त्या महिन्यात जिवंत असलेल्या सगळ्या फंडांची सरासरी घ्यायची आणि मग त्या १२० महिन्यांच्या सरासऱ्या, प्रत्येकीत एक मिळवून, एकमेकींना गुणत जायच्या. फंड जिवंत होता तितके महिने तो हिशेबात असतो, आणि त्याच काळातल्या इतरांबरोबरच मोजला जातो.

```python
ret = nav.pct_change(fill_method=None)
avg = ret.mean(axis=1)
total = (1 + avg).prod()
```

`fill_method=None` विसरू नका. पांडाज या पायथनच्या हिशेबाच्या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये परतावा काढणारं `pct_change()` रिकाम्या जागी आधीची एनएव्ही आपोआप भरतं. मग मेलेला फंड मरत नाही. उरलेली सगळी वर्षं दर महिन्याला शून्य टक्के परतावा देत बसतो आणि सरासरी ओढून खाली आणतो. मी आधी ते न लिहिता चालवलं होतं. ४० वा फंड शेवटच्या महिन्यापर्यंत "जिवंत" दिसला तेव्हा लक्षात आलं.

१४ जून

मासिक सरासरीचा आलेख काढला. ८८ व्या महिन्यात एक खोल खड्डा दिसला, निर्देशांक मात्र त्या महिन्यात जवळपास जागचा हललेला नव्हता. फंड २८ चा त्या महिन्याचा परतावा उणे ९८.६ टक्के आला होता.

तो फंड कोसळला नव्हता. त्या महिन्यात तो बंद करण्यात आला, गुंतवणूकदारांना त्यांचे पैसे परत दिले गेले आणि मागे हिशेबासाठी चिमूटभर रक्कम उरली. एनएव्हीला फक्त उरलेली चिमूट दिसते, वाटलेले पैसे दिसत नाहीत. शेवटचं वाटप परताव्यात धरल्यावर तो महिना अधिक ०.३ टक्क्यांवर आला.

मग बाकीच्या बंद फंडांचे लाभांशही तपासले. जिवंत फंडांचे आकडे मला लाभांश पुन्हा गुंतवलेल्या स्वरूपात मिळाले होते आणि हाताने उतरवलेल्या एनएव्हींमध्ये लाभांश धरलेलाच नव्हता. म्हणजे मेलेल्यांना मी विनाकारण वाईट दाखवत होते. या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ती माझ्या अपेक्षेच्या बाजूने होती आणि म्हणून मी ती शोधायलाच गेले नव्हते. लाभांश ज्या तारखेला एनएव्हीतून वजा झाला त्या तारखेला पुन्हा गुंतवल्याचं धरून सगळे आकडे सुधारले. सरासरी ७.१ वरून ७.४ वर आली.

आता तुलना करता येते. छापील तक्ता म्हणतो, या प्रकारच्या फंडांनी वर्षाला ८.३ टक्के दिले. सुरुवातीची सगळी यादी धरली तर ७.४. शंभराचे दहा वर्षांत २२२ झाले की २०४, एवढा हा फरक आहे. निर्देशांकाचा परतावा याच काळात ८.० होता. छापील सरासरी त्याच्या वर बसते, खरी सरासरी त्याच्या खाली.

१५ जून

एका चाळीसच्या यादीवरून सगळ्या जगाबद्दल बोलणं बरोबर नाही, म्हणून जुने अभ्यास काढले. मार्क कारहार्ट यांच्या १९९७ च्या शोधनिबंधात जानेवारी १९६२ ते डिसेंबर १९९३ या काळातले १,८९२ अमेरिकी शेअर फंड होते, आणि त्यातले सुमारे एक तृतीयांश फंड १९९३ च्या अखेरीपर्यंत बंद झालेले होते. माझ्या यादीत दहा वर्षांत ४० पैकी १४ गेले. प्रमाण जवळचं आहे, पण काळ फार वेगळा, म्हणून याला योगायोगापेक्षा जास्त वजन देत नाही. कारहार्ट यांनी तेव्हा बंद फंडांसकट जमवलेल्या माहितीचा साठा पुढे शिकागोच्या सीआरएसपी या संस्थेने वाढवला. तोवर अभ्यासकांच्या हातातही बहुतेक वेळा टिकलेल्यांच्याच याद्या असत.

फरक काळाबरोबर वाढतो, हेही माझ्या आकड्यांत स्पष्ट दिसलं. मी हाच हिशेब शेवटच्या एका वर्षापुरता केला तेव्हा टिकलेले आणि सगळे यांच्यात जेमतेम दशांश टक्क्याचा फरक आला. एका वर्षात एखादाच फंड मरतो. दहा वर्षांचा आकडा लोकांना जास्त भरवशाचा वाटतो, आणि सगळ्यात जास्त ओळी त्याच आकड्यातून गायब असतात.

१८ जून

आज मैत्रिणीचा फंड. माझ्या यादीत तो १७, आणि ज्यात विलीन झाला तो ५.

फंड १७ ने पहिल्या ६२ महिन्यांत वर्षाला २.४ टक्के दिले. शंभराचे ११३ झाले. मग विलीनीकरण. पुढचे ५८ महिने तिचे पैसे फंड ५ मध्ये होते आणि त्या काळात त्याने वर्षाला साडेसात टक्के दिले. ११३ चे १६० झाले. दहा वर्षांचा हिशेब वर्षाला ४.८ टक्के.

छापील तक्त्यात फंड ५ समोर ८.९ टक्के आहे, म्हणजे शंभराचे २३५. तोही आकडा खराच आहे. पहिल्या ६२ महिन्यांत त्या फंडाने वर्षाला १०.२ टक्के कमावले होते. पण ते कमावले तेव्हा त्यात मैत्रीण नव्हती. विलीनीकरणाच्या दिवशी दोन फंडांचे पैसे एकत्र झाले, इतिहास मात्र एकाचाच ठेवला गेला.

कोणाचा ठेवायचा? कंपनीला दोन फंडांपैकी कोणता टिकवायचा हे ठरवता येतं, आणि वाईट इतिहासाचा फंड टिकवायला कुणी उत्सुक नसतं. अर्थात हे पूर्णपणे मर्जीवर सोडलेलं नाही. अमेरिकेत नियामकाच्या कर्मचाऱ्यांनी १९९४ च्या एका पत्रात काय बघायचं ते सांगितलंय: एकत्र झालेला फंड व्यवस्थापक, उद्दिष्ट आणि धोरण, खर्चाची रचना, आकार आणि हातातले शेअर या बाबतींत कोणत्या फंडासारखा जास्त आहे, त्याचा इतिहास पुढे चालवायचा. हा नियम समजण्यासारखा आहे. यापुढे पैसे कसे हाताळले जातील याचा अंदाज टिकलेल्या फंडाच्या इतिहासावरून जास्त चांगला येतो. पण मागे सगळ्या गुंतवणूकदारांना मिळून काय मिळालं, या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं, आणि तक्ता वाचणारा बहुतेक वेळा तेच उत्तर समजून वाचतो.

२१ जून

"किती फंडांनी निर्देशांकाला मागे टाकलं?" या एका प्रश्नावर दोन दिवस गेले. छापील तक्त्याचं उत्तर २४ पैकी १३, म्हणजे ५४ टक्के.

पहिली रीत: भागायचं ते सुरुवातीच्या यादीने. तक्त्यातले १३ आणि प्रकार बदललेल्या दोघांपैकी १, असे १४. भागिले ४०, उत्तर ३५ टक्के. निर्देशांक आणि फंड यांची तुलना करणारा स्पिवा अहवालही सुरुवातीची यादीच धरतो. या रीतीत बंद झालेला फंड हरलाच असं मानलं जातं. माझ्या १४ पैकी तीन फंड शेवटच्या दिवशी निर्देशांकाच्या पुढे होते. फंड लहान राहिला, खर्च भागेना किंवा दोन कंपन्या एकत्र आल्या, म्हणूनही चांगला फंड बंद होतो. त्या तिघांना हरलेले म्हणताना माझा हात अडखळला.

दुसरी रीत: पैशाच्या मागे जायचं. विलीन झालेल्या फंडाच्या पुढे ज्यात तो विलीन झाला त्या फंडाचा परतावा जोडायचा, जसा मैत्रिणीचा जोडला. एल्टन, ग्रुबर आणि ब्लेक यांनी १९९६ च्या अभ्यासात हाच मार्ग धरला होता. पैसे परत दिलेल्या तीन फंडांपुढे मी उरलेल्या फंडांची सरासरी जोडली. हे माझं गृहीतक आहे. कुणी ते पैसे खर्चही केले असतील. या रीतीने विलीन झालेल्या ११ पैकी २ निर्देशांकाच्या पुढे गेले. एकूण १६, भागिले ४०, उत्तर ४० टक्के.

मी दोन्ही आकडे ठेवलेत. पहिला सांगतो, सुरुवातीला चिठ्ठी टाकून फंड निवडला असता तर तो टिकून जिंकण्याची शक्यता किती होती. दुसरा सांगतो, त्या फंडात ठेवलेल्या पैशाचं काय झालं. ५४ मात्र या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही.

२२ जून

क्रमवारीतली एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. बंद फंड गळल्याने सरासरी फुगते, पण टिकलेल्या मधल्या फंडांचा क्रमांक उलट घसरतो. फंड ११ छापील तक्त्यात २४ पैकी १९ वा, म्हणजे तळाच्या चौथाईत. पैशाच्या मागे जाऊन केलेल्या यादीत तो ४० पैकी २२ वा, मध्यापासून थोडाच खाली. त्याच्या परताव्यात एका पैशाचाही बदल नाही. त्याच्या खालचे बरेच जण निघून गेले म्हणून तो तळाशी दिसला. छापील तक्त्यात बरोबर मध्यावर असलेला १२ वा फंड माझ्या यादीत १४ वा आला, म्हणजे वरच्या ३५ टक्क्यांत.

तळाची चौथाई बघून फंड विकणाऱ्यांनी हे जरूर बघावं. तळाशी असलेला प्रत्येक फंड खरोखर तळाचा असेलच असं नाही.

२४ जून

शेवटची पडताळणी. मैत्रिणीकडून तिच्या खात्याचा उतारा मागवला. माझ्या तक्त्यात शंभराचे १६०, तिच्या खात्यात त्याच प्रमाणात १५९ आणि थोडे. फरक विलीनीकरणाच्या आठवड्यातला आहे: मी महिनाअखेरीची एनएव्ही धरली होती आणि तिचे युनिट महिन्याच्या १९ तारखेला बदलले गेले. ती तारीख धरून तो महिना दोन तुकड्यांत मोडला, आकडा जुळला.

बाकीच्या दहा विलीनीकरणांनाही आता खरी तारीख लावायची आहे. सूचना हाताशी आहेत, एका फंडाला साधारण वीस मिनिटं लागतात. आतापर्यंत एकूण ४१ तास झाले. त्यातले निम्म्याहून जास्त जुनी यादी, सूचना आणि लाभांश शोधण्यात गेले, हिशेबात फार थोडे. फंड १७ ची ओळ तक्त्यात घातली आणि तक्ता तिला पाठवला. क्रमांक, ४० पैकी ३४.